प्रश्नावर संपणारं गाणं

गाण्याच्या शेवटी निर्णय ऐकायची मराठी कानाला जुनी सवय आहे. अभंगाच्या अखेरच्या चरणात संत आपलं नाव घालतात आणि त्या नावापाठोपाठ बहुतेक वेळा आधीच्या साऱ्या चरणांचं सार येतं. पोवाड्यात शाहीर शेवटी स्वतःची ओळख सांगून कथेवर शिक्का मारतो. सवाल-जवाबात सवाल टाकला जातो तो जवाब यावा म्हणूनच, आणि जवाब आला नाही तर समोरच्या फडाची हार होते. या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यासमोर एखादं गाणं प्रश्न विचारून थांबलं, तर त्याच्या मनात दोनपैकी एक प्रतिक्रिया उमटते. एक, ‘हे गाणं डोक्यातून जाईना.’ दुसरी, ‘हे गाणं अर्धवटच राहिलं.’ पहिली कधी उमटते आणि दुसरी कधी, हे ओळखता येतं. त्याची काही कारणं शब्दांत असतात, काही चालीत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे प्रश्नावर संपणारं गाणं लिहिणं तांत्रिकदृष्ट्या फार सोपं आहे. भावगीत असो वा चित्रपटगीत, त्याची नेहमीची बांधणी ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे अशी असते. प्रत्येक अंतऱ्यानंतर गायक ध्रुवपदावर परततो, शेवटच्या अंतऱ्यानंतरही परततो. त्यामुळे ध्रुवपदात प्रश्न असला की गाणं आपोआप प्रश्नावर संपतं. कवीला त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. खरी कसोटी असते ती पुढे. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, शेवटच्या वेळी ऐकताना पहिल्यापेक्षा वेगळा झाला आहे का? झाला असेल तर गाणं पुढे सरकलं. नसेल तर ते जिथे निघालं होतं तिथेच उभं आहे.

हे नेमकं कसं घडतं ते दिसावं म्हणून या लेखासाठीच दोन अंतऱ्यांचं एक छोटं गीत रचलं आहे. नवरा घरी परतलेला नाही आणि बाई रात्री दाराशी उभी आहे, एवढाच प्रसंग.

दार लोटु का, ठेवू उघडे?
रात्र उतरली अंगणाकडे

एस्टी गेली शेवटली ती
धूळ बैसली वाटेवरती
ताट झाकुनी ठेवियले मी
कान लागले रस्त्याकडे

लेक तुझी ही निजली पाशी
गार वारा ये उंबऱ्याशी
पांघरूणही पुरेना तिला
झोपेतच ती बघ कुडकुडे

दार लोटु का, ठेवू उघडे?

ध्रुवपदातला प्रश्न इथे तीनदा येतो. पहिल्यांदा तो रोजच्या कामातला आहे. रात्र झाली, दार लावायची वेळ झाली. कोणी विचारलं तरी लगेच विसरून जावं असा. पहिल्या अंतऱ्यानंतर तो पुन्हा येतो तेव्हा आपल्याला कळलेलं असतं की शेवटची गाडी येऊन गेली, त्यातून कोणी उतरलं नाही, आणि तरी ताट झाकून ठेवलेलं आहे. आता प्रश्नात वाट पाहणं आलं. पण गाणं इथेच संपवलं असतं तर ते प्रश्नावर संपलं असं म्हणता आलं नसतं. कारण या बाईला दार उघडंच ठेवायचं आहे, हे श्रोत्याला दिसतं. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी उत्तर ठरलेलं आहे. ‘मी तुझी वाट पाहते आहे’ हे सरळ विधान तिने प्रश्नाच्या रूपात केलं, इतकंच.

दुसरा अंतरा दाराच्या आतल्या बाजूला नेतो. तिथे मूल झोपलं आहे आणि उघड्या दारातून येणारा वारा त्याला लागतो आहे. आता दार लावायचं तर न आलेल्या माणसाला ‘तुझी वाट पाहणं थांबवलं’ असं सांगितल्यासारखं होतं. उघडं ठेवायचं तर त्याच्याच लेकीला थंडीत कुडकुडत ठेवावं लागतं. दोन्हीकडे माया आहे आणि दोन्हीकडे नुकसान आहे. ध्रुवपदाचा एकही शब्द बदललेला नाही, पण आता ‘का’ खरोखर ‘का’ झाला आहे. श्रोत्याला उत्तर माहीत नाही, बाईलाही नाही.

प्रश्नावर संपणाऱ्या गाण्याची पहिली अट यातून निघते. प्रश्नाला किमान दोन खरी उत्तरं हवीत आणि प्रत्येक उत्तराची किंमत गाण्यात दिसायला हवी. एकच उत्तर शक्य असेल तर तो प्रश्न नव्हे. आणि कुठल्याही उत्तराने कोणाचं काही बिघडत नसेल, तर तो विचारण्याचं कारण नाही.

आता याच गाण्याला दुसरे शेवट लावून पाहू. समजा शेवटी अंगणात पाऊल वाजलं आणि नवरा आला. गाणं सुखात संपलं, पण मागे वळून पाहिलं तर दाराचा प्रश्न नुसता वेळ काढण्यापुरता होता असं वाटू लागतं. बाईला काही ठरवावं लागलंच नाही. बाहेरून कोणीतरी येऊन तिला सोडवलं. हा शेवट वाईट आहे, कारण गाण्याने जे पणाला लावलं होतं ते त्याने परत घेतलं.

दुसरा शेवट असा करता येईल:

दार लोटते आता गडे

बाईने निर्णय घेतला, मुलीसाठी दार लावलं. हा शेवट मात्र वाईट नाही. किंबहुना तो मनाला लागणारा आहे. पण त्याने गाण्याचा विषय बदलतो. आता ते एका बाईच्या निर्णयाचं गाणं होतं, आधीचं होतं तिच्या कोंडीचं. यांतलं कुठलं गाणं लिहायचं आहे हे कवीने ठरवायचं असतं. माणूस शेवटी काय करतो हे महत्त्वाचं असेल तर गाणं बंद करावं; त्याला काही करताच येत नाही हे महत्त्वाचं असेल तर उघडं ठेवावं. उघडा शेवट बंद शेवटापेक्षा अधिक खोल असतो असा एक समज हल्ली दिसतो. त्याला काही आधार नाही.

तिसरा शेवट सर्वांत जास्त मोहात पाडणारा आहे. ध्रुवपदाऐवजी एखादी मोठी ओळ टाकायची:

सांग, संपते वाट कुणीकडे?

यमक जुळतं, ओळ गाता येते, मैफलीत दादही मिळेल. तरीही तिने गाणं पडतं. दार गेलं, वारा गेला, मूल गेलं. उरली ती कुठल्याही गाण्याच्या शेवटी चिकटवता येईल अशी ओळ. ती कोण विचारतंय आणि कोणाला विचारतंय हेही कळत नाही. फसलेल्या उघड्या शेवटांतले बहुतेक असेच फसतात: तीन कडवी एका विशिष्ट माणसाबद्दल असतात आणि चौथ्यात अचानक आयुष्य, नियती किंवा काळ यांना जाब विचारला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. ती शेवटची ओळ दुसऱ्या कुठल्याही गाण्याला लावून पाहा. तिथेही ती तितकीच चपखल बसली, तर ती या गाण्याची नाही. शेवटच्या अंतऱ्यात नवी माहिती यायला हरकत नाही; मूल आपल्याला तिथेच तर पहिल्यांदा दिसलं. पण प्रश्न नवा नको. तो आधीपासून गाण्यात असलेला हवा.

आणखी एक प्रयोग करता येतो. दोन्ही अंतऱ्यांची अदलाबदल करा. कुडकुडणारं मूल आधी आणि गेलेली एस्टी नंतर. मूल आधी दिसलं की श्रोता लगेच मनात म्हणतो, ‘दार लाव.’ त्यानंतर झाकलेलं ताट दाखवून त्याचं मत पुन्हा डळमळीत करणं अवघड जातं, कारण थंडीत झोपलेल्या मुलापुढे ताट फिकं पडतं. म्हणजे प्रश्नाचं वजन शेवटी येतं ते अंतऱ्यांच्या क्रमामुळे. आधी सहज कळणारी बाजू मांडायची, श्रोत्याला तिच्याकडे झुकू द्यायचं आणि मग दुसऱ्या पारड्यात त्याने न धरलेली गोष्ट ठेवायची.

तोच प्रश्न फिरून आल्यावर बदलून येतो, याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकी लोकगायक पीट सीगर यांचं ‘व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन’. शोलोखोव्ह यांच्या डॉन नदीकाठच्या कादंबरीत एका कोसॅक गीताचा उल्लेख आहे. त्यावरून सीगर यांना कल्पना सुचली आणि 1955 साली त्यांनी तीन कडवी लिहिली. फुलं कुठे गेली? मुलींनी खुडली. मुली कुठे गेल्या? नवऱ्यांकडे गेल्या. ते नवरे कुठे गेले? सैन्यात गेले. प्रत्येक कडव्याच्या अखेरीस एक मोठा प्रश्न येतो: ही माणसं कधी शहाणी होणार?

तीन कडव्यांचं हे गाणं एका सरळ रेषेत जाऊन थांबत होतं. 1960 साली जो हिकरसन यांनी त्यात भर घातली. सैनिक कबरीत गेले, कबरी फुलांनी झाकल्या, आणि गाणं पुन्हा पहिल्या कडव्यावर आलं: फुलं कुठे गेली? सुरुवातीला हा प्रश्न निरागस होता, रानातल्या फुलांबद्दलचा. आता तीच फुलं कबरींवरची आहेत आणि ती खुडायला पुन्हा मुली येणार आहेत. ओळ तीच, शब्द तेच, पण मध्ये एक पूर्ण फेरा झाला आहे. शेवटी तोच मोठा प्रश्न राहतो, आणि आता त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ असंही असू शकेल ही भीती त्यात आली आहे.

या गाण्याची एक बारकाई गीतकारांनी मुद्दाम पाहावी. त्यातले लहान प्रश्न अनुत्तरित राहत नाहीत. फुलं कुठे गेली, मुली कुठे गेल्या, प्रत्येकाचं उत्तर त्याच कडव्यात मिळतं. उत्तर राहतं ते फक्त एका प्रश्नाचं. श्रोत्याला वाटेत काही ना काही मिळत जातं, म्हणून शेवटी मिळालं नाही तरी तो चिडत नाही. उलट सगळेच प्रश्न हवेत सोडले, तर शेवटचा प्रश्न त्या गर्दीत हरवतो.

गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात हा हिशेब अधिक कडक होतो. कथागीत ऐकणाऱ्याला ‘पुढे काय झालं’ हे कळण्याचा हक्क असतो. मग त्यात काय उघडं ठेवता येतं? अमेरिकी गायिका बॉबी जेंट्री यांचं 1967 सालचं ‘ओड टू बिली जो’ याचा फार चांगला धडा देतं. मिसिसिपीतलं एक शेतकरी कुटुंब जेवायला बसलं आहे. गावातल्या बिली जो नावाच्या मुलाने टॅलाहॅची पुलावरून उडी घेतल्याची बातमी आई सांगते. वाढणं चालू आहे, शेतीचं बोलणं चालू आहे, त्यातच ही बातमी येते आणि पुढे सरकते. गाणारी मुलगी जेवत नाही, हे आईच्या लक्षात येतं. मग ओघात कळतं की तिच्यासारखी दिसणारी एक मुलगी बिली जोबरोबर त्या पुलावरून काहीतरी पाण्यात टाकताना कोणाला दिसली होती. काय टाकलं? त्याने उडी का घेतली? गाणं सांगत नाही.

पण काय काय सांगितलं आहे ते पाहा. मुलगा मेला, हे निश्चित आहे. वर्षभरानंतर त्या घरात काय उरलं, हेही शेवटच्या कडव्यात आहे: भाऊ लग्न करून दुसरीकडे गेला, वडील वारले, आई खचली, आणि मुलगी त्या पुलावर जाऊन फुलं पाण्यात सोडते. घटना सगळ्या बंद केल्या आहेत, उघडं ठेवलं आहे ते फक्त कारण. आणि कारण उघडं ठेवायलाही कारण आहे. त्या जेवणाच्या टेबलावर कोणीच ‘का’ असं खऱ्या अर्थाने विचारत नाही. पाण्यात काय टाकलं याला आपण फारसं महत्त्व देत नाही, घरच्यांना न जाणवणारा त्यांचा कोरडेपणा हा गाण्याचा विषय आहे, असं जेंट्री यांनी स्वतः सांगितलं होतं. श्रोता मात्र कारणाच्या मागे लागतो आणि तसं लागताना टेबलावरच्या माणसांनी जे केलं नाही ते करतो. 1976 साली या गाण्यावर चित्रपट निघाला आणि त्यात आत्महत्येचं कारण देण्यात आलं. गाण्याचा प्रश्न त्याने संपला नाही, कारण त्या उत्तराने जेवणाच्या टेबलावर काहीच बदलत नाही.

कथागीतासाठी यातून नियम काढायचा तर असा: काय घडलं ते सांगा, का घडलं आणि त्याचं काय करायचं हे सोडायचं असेल तर सोडा. नायक मेला की जगला हेच गायब केलं, तर श्रोत्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्त असतं.

आतापर्यंत शब्दांचं झालं. पण गाणं संपतं ते शब्द आणि स्वर या दोघांनी, आणि दोघं एकाच वेळी संपले पाहिजेत असं नाही. आपलं दाराचं गाणं पुन्हा घेऊ. त्याच्या ध्रुवपदाला दोन ओळी आहेत. पहिली प्रश्न आहे, दुसरी विधान: रात्र अंगणाकडे उतरली. संगीतकार साधारणपणे पहिली ओळ पंचमावर किंवा तशाच एखाद्या वरच्या स्वरावर सोडेल आणि दुसरी षड्जावर आणून ठेवेल. शेवटच्या वेळी गायकाने दोन्ही ओळी म्हटल्या, तर गाणं प्रश्नावर संपतच नाही. रात्र झाली, या विधानावर ते संपतं आणि चालही खाली येऊन बसते. फक्त पहिली ओळ म्हणून थांबलं, तर शब्दही उघडे आणि स्वरही उघडा. कागदावर कवीने काहीही ठरवलेलं असो, शेवटचा निर्णय असा गाणाऱ्याच्या आणि चाल लावणाऱ्याच्या हातात जातो.

शब्द आणि स्वर दोन्ही उघडे सोडले, तर एक धोका असतो. श्रोत्याला प्रश्न ऐकू येण्याऐवजी गाणं तुटल्यासारखं वाटतं, आणि मग त्याचं लक्ष बाईकडे न जाता गायकाकडे जातं. म्हणून या गाण्यासाठी मला तिसरी वाट योग्य वाटते. शेवटच्या वेळी फक्त प्रश्नाची ओळ घ्यायची, पण तिची चाल थोडी बदलून ती षड्जावर आणायची. कानाला विसावा मिळतो, मनाला मिळत नाही. शिवाय प्रश्न खाली उतरणाऱ्या स्वरात आला की तो कोणाला तरी विचारलेला राहत नाही. रात्रीमागून रात्री स्वतःलाच विचारून झिजलेला वाटतो. या बाईला तेच शोभतं.

शब्द आणि स्वर यांची ही वाटणी किती वेगवेगळ्या प्रकारे करता येते, हे एकोणिसाव्या शतकातल्या दोन जर्मन गीतमालांमध्ये स्पष्ट दिसतं. फ्रान्झ शूबर्ट यांनी 1827 साली विल्हेल्म म्युलर यांच्या कवितांवर ‘विंटररायझे’ ही चोवीस गीतांची माला रचली. प्रेमभंग झालेला एक तरुण बर्फातून भटकत राहतो. शेवटच्या गीतात त्याला गावाबाहेर एक म्हातारा वादक दिसतो. बर्फावर अनवाणी उभा, थिजलेल्या बोटांनी वाद्याचं चाक फिरवणारा. पुढ्यातली थाळी रिकामी, ऐकायला कोणी नाही, कुत्री गुरगुरतायत. तरुण त्याला विचारतो: मी तुझ्याबरोबर येऊ का? माझ्या गाण्यांना तुझी साथ देशील का? चोवीस गीतांचा प्रवास इथे थांबतो. म्हातारा उत्तर देत नाही.

या प्रश्नाखाली शूबर्ट यांनी काय ठेवलं आहे, ते मराठी श्रोत्याला चटकन कळेल. पियानोचा डावा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत षड्ज आणि पंचम हे दोनच स्वर धरून राहतो, त्या चाकाच्या वाद्यातल्या अखंड गुंजणाऱ्या तारांसारखे. वरचा आवाज प्रश्न विचारून वरच राहतो, षड्जावर उतरत नाही. खालचा आधार मात्र जागचा हलत नाही. पियानो मग म्हाताऱ्याची छोटी धून वाजवत हळू होतो आणि मूळ स्वरावर थांबतो. शब्द पूर्ण उघडे, पायाचा स्वर पूर्ण स्थिर. प्रश्न जास्त गार वाटतो तो यामुळेच, कारण त्याने त्या वाद्यात काहीच फरक पडला नाही.

रॉबर्ट शुमान यांनी 1840 साली नेमकं उलटं केलं. हाइने यांच्या कवितांवरच्या ‘डिश्टरलीबं’ या सोळा गीतांच्या मालेतलं पहिलं गीत शब्दांत कसलाही प्रश्न विचारत नाही. सुंदर मे महिन्यात कळ्या उमलल्या, पक्षी गायले आणि मी तिला माझ्या मनातली ओढ सांगितली, एवढंच त्यात आहे. वाक्य पूर्ण आहे. पण पियानो ज्या स्वरसमूहावर थांबतो तो घराबाहेरचा आहे. पुढे मूळ स्वर यायला हवा अशी कानाला तहान लावून तो तिथेच सोडून देतो. निषादावर थांबावं आणि षड्ज लावूच नये, तसं ते ऐकू येतं. तिने काय उत्तर दिलं, हा न विचारलेला प्रश्न सारा संगीतात आहे. आणि पुढचं गीत सुरू होतं तेव्हा कानाने अपेक्षिलेला स्वर न येता दुसराच येतो.

दोन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. दोघांनीही एक अंग उघडं ठेवताना दुसरं भक्कम धरलं. शूबर्ट यांनी शब्द सोडले आणि आधारस्वर धरला. शुमान यांनी स्वर सोडला आणि वाक्य पुरं केलं. जागाही पाहण्यासारखी आहे. शूबर्ट यांचं गीत मालेचं शेवटचं, म्हणून त्यानंतर शांतताच येते आणि त्या शांततेवर सारा शेवट टेकलेला आहे. शुमान यांचं गीत पहिलं, म्हणून त्याचा उघडा शेवट हा पुढच्या पंधरा गीतांचा दरवाजा होतो.

आपल्या मैफलीत आणि ध्वनिमुद्रणातही हे जपायला हवं, आणि नेमकं इथेच अनेक चांगली गाणी मार खातात. मैफलीत एक मोठा फायदा असतो. गायक कुठल्याही स्वरावर थांबला तरी मागे तंबोरा षड्ज धरून असतो. उघडा शेवटही निराधार होत नाही. ध्वनिमुद्रणात तसं नसेल, तर संयोजक गाणं संपल्यावर बासरीचा किंवा व्हायोलिनचा एक गोड तुकडा जोडतो आणि तो तुकडा छानपैकी षड्जावर येऊन मिटतो. प्रश्नाचं उत्तर शब्दांनी दिलं नाही, ते वाद्यांनी देऊन टाकलं. आवाज हळूहळू विरत नेण्याची पद्धतही अशीच घातक ठरू शकते. प्रश्न एकदा, स्पष्ट विचारायचा असतो; तो सात वेळा म्हणत विरत नेला की तो निव्वळ घोष होतो. रंगमंचावर तर शेवटचा स्वर विरायच्या आत सूत्रसंचालक पुढच्या गाण्याची ओळख करून देऊ लागतो. असं गाणं कार्यक्रमात घ्यायचं तर मध्यंतराआधी शेवटचं घ्यावं आणि त्यानंतर कोणी माईक उचलू नये.

चांगला उघडा शेवट ओळखायचा कसा, याचा सारांश मग फार लांब होत नाही. प्रश्न गाण्यातल्याच माणसाचा हवा आणि तिथल्याच वस्तूंत रुतलेला हवा. त्याला एकाहून जास्त खरी उत्तरं हवीत. पहिल्या वेळेपेक्षा शेवटच्या वेळी तो जड झालेला हवा. शब्द सुटले तर स्वराने धरावं, स्वर सुटला तर शब्दांनी. यांतलं एकही नसेल, तर श्रोत्याला ‘अर्धवट राहिलं’ असं वाटतं ते बरोबरच असतं. त्यात त्याची समज कमी पडलेली नसते.

आणि लिहिणाऱ्यांना एक सांगणं आहे. प्रश्नावर संपणारं गाणं लिहाल तेव्हा त्याचे दोन बंद शेवटही कागदावर पूर्ण लिहा, दार लावणारा आणि दार उघडं ठेवणारा. दोन्ही तितक्याच मनापासून लिहिता आले आणि त्यांतून एक निवडवेना, तर प्रश्न ठेवा. एक चांगला उतरला आणि दुसरा ओढूनताणून आला, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे, तेच गाण्याला द्या. आणि दोन्ही लिहिता आले नाहीत, तर गाणं अजून लिहून झालेलं नाही.